पिक्सच्या पावतीचा फोटो: खरी पावती आणि बनावट पावती यांतील फरक कसा ओळखावा?

प्रश्न: मी कामानिमित्त ब्राझीलमध्ये राहते आणि मला पोर्तुगीज जेमतेम समजते. माझा जुना कॅमेरा १,८५० रिआलना विकायचा ठरला आहे. पैसे पिक्सने, म्हणजे इथल्या बँकेच्या ॲपमधून, माझ्या घरातील मैत्रिणीच्या खात्यावर यायचे होते. ती उद्या सकाळपर्यंत प्रवासात आहे आणि तिचा फोन लागत नाही. खरेदीदाराने आपल्या फोनच्या पडद्याचा फोटो काढून पाठवला आहे. त्यात हिरवी बरोबरची खूण, रक्कम आणि खाली एक लांबलचक क्रमांक दिसतो. तो आजच कॅमेरा न्यायला येतो म्हणतो. हा फोटो खरा आहे की बनवलेला, हे मी कसे ओळखू?

उत्तर: मैत्रिणीने स्वतःच्या खात्याचा उतारा पाहीपर्यंत कॅमेरा देऊ नका, हे आधी सांगतो, कारण पुढचे सगळे विवेचन त्यावर उभे आहे. पावतीच्या फोटोवरून व्यवहार खोटा असल्याचे पुष्कळदा सिद्ध करता येते, परंतु तो खरा असल्याचे कधीच सिद्ध करता येत नाही. पैसे देणाऱ्याच्या फोनवर दिसणारी पावती ही त्याच्या बाजूची नोंद असते, आणि पैसे मिळाल्याचा पुरावा फक्त घेणाऱ्याच्या खात्यात तयार होतो. पिक्स ही ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने १६ नोव्हेंबर २०२० पासून चालवलेली व्यवस्था आहे. ती रात्रंदिवस आणि सुट्टीच्या दिवशीही चालते आणि पैसे काही सेकंदांतच समोरच्या खात्यात पोहोचवते. म्हणून ‘सोमवारी बँक उघडली की दिसतील’ यासारखे स्पष्टीकरण पिक्सच्या बाबतीत ग्राह्य धरू नये.

तरीही तुमच्या हातात आज फक्त फोटोच आहे, त्यामुळे त्यातून काय वाचता येते ते पाहू. परदेशी पैसे-व्यवहारांच्या तक्रारी तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. माझा अनुभव असा, की भाषा न येणारा माणूस रंग, चिन्ह आणि रक्कम एवढेच पाहतो, आणि बनावट पावतीत नेमक्या याच तीन गोष्टी अचूक असतात. म्हणून हिरवी खूण बाजूला ठेवा आणि प्रथम शब्द वाचा.

पडद्याच्या वरच्या भागात किंवा रकमेच्या आसपास `agendado` किंवा `agendamento` हा शब्द आहे का, ते शोधा. त्याचा अर्थ ‘पुढील तारखेसाठी ठरवलेला’ असा आहे. पिक्समध्ये आज नोंद करून उद्या किंवा आठवड्याने पैसे पाठवण्याची सोय आहे, आणि अशी नोंद केल्यावर बँकेचे खरे ॲप खरीखुरी पावती दाखवते. तिच्यावर तुमच्या मैत्रिणीचे नाव, पूर्ण रक्कम आणि बहुधा तीच समाधानकारक खूणही असते. या फसवणुकीत कोणतेही चित्र बदललेले नसते, त्यामुळे चित्रातील खाडाखोड शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. पैसे मात्र हललेले नसतात, आणि ठरलेली तारीख येण्यापूर्वी पाठवणारा ती नोंद रद्द करू शकतो. `Data do agendamento` अशी ओळ दिसली, किंवा पावतीवरची तारीख आजच्या पुढची असली, तर निर्णय तिथेच झाला असे समजा. `Em análise` किंवा `Em processamento` यांचा अर्थ ‘तपासणी चालू’ आणि ‘प्रक्रिया चालू’ असा आहे. तेही पैसे पोहोचल्याचे शब्द नव्हेत. पूर्ण झालेल्या व्यवहारावर `Pix enviado`, `Pix realizado` किंवा `Concluído` अशा अर्थाचे शब्द येतात. प्रत्येक बँकेची शब्दयोजना थोडी वेगळी असते. फोटोत पडद्याची वरची पट्टी कापलेली असेल, तर तेथे नेमका कोणता शब्द होता हे विचारणे हा तुमचा हक्क आहे. फोटो जवळून काढल्यामुळे कडा सुटल्या, हे कारण मी अनेक प्रकरणांत ऐकले आहे, आणि सुटलेल्या कडेत बहुतेक वेळा हाच शब्द दडलेला असतो.

आता त्या लांबलचक क्रमांकाकडे वळू, कारण फोटोतील सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. प्रत्येक पिक्स व्यवहाराला एक ओळख क्रमांक मिळतो. पावतीवर तो बहुधा `ID da transação` या शीर्षकाखाली असतो. काही बँका त्याखेरीज स्वतःचा वेगळा प्रमाणीकरण क्रमांकही छापतात, त्यामुळे गोंधळू नका. आपल्याला हवा असलेला क्रमांक मोठ्या `E` ने सुरू होतो आणि त्यात एकूण ३२ अक्षरे-अंक असतात. त्याची रचना मध्यवर्ती बँकेने ठरवून दिलेली आहे. `E` नंतरचे ८ अंक हे क्रमांक तयार करणाऱ्या संस्थेची खूण असतात. बांको दो ब्राझीलसाठी `00000000`, सरकारी कैशा बँकेसाठी `00360305`, इताऊसाठी `60701190`. त्यापुढील १२ अंकांत वर्ष, महिना, दिवस, तास आणि मिनिट या क्रमाने वेळ असते. शेवटची ११ अक्षरे संस्थेने त्या मिनिटापुरती दिलेली वेगळी खूण असते आणि तिच्यातून आपल्याला काही वाचता येत नाही.

यातील एक बाब नीट लक्षात ठेवावी लागते. ती वेळ ब्राझीलच्या घड्याळाची नसून जागतिक प्रमाणवेळेची असते, आणि ब्राझिलियाचे घड्याळ तिच्या ३ तास मागे चालते. ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ बंद केल्यापासून हा फरक वर्षभर सारखाच राहतो. म्हणजे पावतीवर दुपारचे ४ वाजून ४२ मिनिटे असतील, तर क्रमांकात `1942` किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा अपेक्षित आहे.

तुमच्यासारखेच एक प्रकरण मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. पावतीवर तारीख १४ मार्च २०२५, वेळ १६:४२, रक्कम `R$ 1.850,00` आणि पाठवणाऱ्याची संस्था म्हणून एका मोठ्या खासगी बँकेचे नाव आहे. खाली असा क्रमांक आहे:

```
E00360305202503021917a7Kd02mQx9P
```

पहिल्या `E` नंतर तुकडे पाडा: `00360305`, मग `202503021917`, मग उरलेली ११ अक्षरे. लांबी बरोबर ३२ आहे आणि रचनाही बरोबर आहे, त्यामुळे नुसती नजर टाकणाऱ्याला क्रमांक अस्सल वाटेल. परंतु पहिला तुकडा कैशा बँकेचा आहे आणि पावतीवर नाव दुसऱ्याच बँकेचे आहे. दुसरा तुकडा सांगतो की हा क्रमांक २ मार्चला जागतिक वेळेनुसार १९:१७ वाजता, म्हणजे ब्राझिलियाच्या घड्याळात दुपारी ४:१७ वाजता तयार झाला. पावती मात्र १४ मार्चची आहे. याचा सरळ अर्थ असा की कोणाच्या तरी १२ दिवसांपूर्वीच्या खऱ्या पावतीतील क्रमांक उचलून या पडद्यावर बसवला आहे. बनावट पावती करणारे नाव, रक्कम आणि तारीख काळजीपूर्वक बदलतात, पण क्रमांक जुनाच राहू देतात, कारण तो वाचला जाईल असे त्यांना वाटत नाही. हाच क्रमांक बरोबर असता तर त्याची सुरुवात संबंधित बँकेच्या ८ अंकांनी झाली असती आणि त्यानंतर `202503141942` असे काहीसे आले असते.

हा हिशेब करताना घाई केली तर निरपराध माणसावर आळ येतो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून असे झाले आहे. रात्री सव्वादहाला पाठवलेल्या पैशांची पावती माझ्यासमोर आली, तिच्यावर तारीख १४ होती आणि क्रमांकात १५ तारीख दिसत होती. मी ती पावती बनावट असल्याचे लिहून दिले आणि पैसे देणाऱ्या गृहस्थांना दोन दिवस मनस्ताप झाला. त्यांची पावती पूर्णपणे खरी होती. ब्राझिलियात रात्रीचे ९ वाजले की जागतिक वेळेनुसार तारीख बदलते, म्हणून १४ तारखेच्या २२:१५ चा व्यवहार क्रमांकात `202503150115` असा उतरतो. तेव्हापासून रात्री ९ नंतरच्या प्रत्येक पावतीत मी आधी ३ तास मिळवून तारीख कागदावर लिहितो, आणि मगच क्रमांकाशी ताडून पाहतो.

नियमांतही काही मोकळीक ठेवलेली आहे. क्रमांकातील वेळ आणि व्यवहार प्रत्यक्ष पार पडल्याची वेळ यांत पुढे किंवा मागे जास्तीत जास्त १२ तासांचा फरक चालतो. त्यामुळे काही मिनिटांची, अगदी बरोबर ३ तासांचीसुद्धा तफावत संशय वाढवते, पण निर्णय देत नाही. कित्येक दिवसांची तफावत मात्र निर्णायक आहे. संस्थेच्या ८ अंकांबाबतही असेच सांभाळावे लागते. मोठ्या बँका स्वतः थेट पिक्समध्ये सहभागी असतात आणि त्यांचे अंक सहसा जुळतात. लहान वित्तसंस्था मात्र दुसऱ्या थेट सहभागी संस्थेमार्फत जोडलेल्या असतात आणि क्रमांकात त्या मध्यस्थ संस्थेचे अंकही येऊ शकतात. म्हणून अपरिचित नावाच्या संस्थेच्या पावतीवर वेगळे अंक दिसले तर केवळ तेवढ्यावरून ती खोटी ठरवू नका.

फोटोतून क्रमांक उतरवताना शून्य आणि `O`, एक आणि `l` यांची गल्लत होते. सुरुवातीच्या `E` नंतरच्या २० जागांवर केवळ अंकच असतात, त्यामुळे तेथे अक्षर दिसले तर आधी स्वतःच्या वाचण्यात चूक आहे का ते पाहा, आणि मोठे करून पाहिल्यावरही अक्षरच असले तर तो क्रमांक पिक्सचा नाही. शेवटच्या ११ जागांवर लहान-मोठी अक्षरे आणि अंक सगळेच चालतात.

समजा, क्रमांक सर्व कसोट्यांना उतरला. तरीही पैसे आले असे म्हणता येत नाही, आणि याचे कारण त्या क्रमांकातच आहे: त्यात रक्कम कुठेही नोंदलेली नसते. पिक्सने एक सेंताव्हो, म्हणजे `R$ 0,01`, एवढीही रक्कम पाठवता येते. फसवणारा मैत्रिणीच्या खात्यावर खरोखरच एक सेंताव्हो पाठवतो; त्याला मिळणाऱ्या पावतीवर तिचे अचूक नाव, तिची बँक, आजची वेळ आणि आजचाच अस्सल क्रमांक असतो. मग तो फक्त रकमेचा आकडा बदलतो. अशा पावतीत क्रमांक, वेळ आणि नाव यांपैकी काहीच चुकीचे सापडणार नाही. ही युक्ती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती काळजीपूर्वक तपासणाऱ्या माणसालाच फसवते: इतके सगळे जुळले म्हटल्यावर त्याचा विश्वास बसतो. उताऱ्यात नोंद ‘आली आहे’ एवढ्यावर न थांबता किती रकमेची आली ते वाचावे लागते, याचे कारण हेच.

नावाच्या ओळीकडेही थोडे लक्ष द्या. खऱ्या पावतीवर पैसे घेणाऱ्याचे नाव सहसा पाठवणाऱ्याने टंकलेले नसते. पिक्सची खूणगाठ, मग ती फोन क्रमांक असो, ईमेल असो किंवा करओळख क्रमांक, भरल्यावर ते नाव नोंदवहीतून आपोआप येते. म्हणून ते खात्यावर नोंदलेले औपचारिक नाव असते. मैत्रिणीला तुम्ही सगळे ज्या छोट्या नावाने हाक मारता, किंवा संदेशांत जे नाव तुम्ही खरेदीदाराला सांगितले, तेच जसेच्या तसे पावतीवर आले असेल, तर ते हाताने लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. नावाखाली व्यक्तीचा करओळख क्रमांक, म्हणजे सीपीएफ, `***.456.789-**` अशा अर्धवट झाकलेल्या स्वरूपात येतो. मधले ६ अंक मैत्रिणीच्या क्रमांकाशी जुळायला हवेत. हे जुळले तरी फार आनंदू नका, कारण पैसे न पाठवताही, केवळ पुष्टीच्या पडद्यापर्यंत जाऊन, कोणालाही ही माहिती पाहता येते. रकमेत हजारासाठी टिंब आणि सेंताव्होंसाठी स्वल्पविराम ही ब्राझीलची पद्धत आहे. `1,850.00` असे लिहिलेले दिसले तर ती पावती ब्राझीलच्या बँकेची नाही.

आता फोटोविषयी. पिक्सची पावती पाठवण्यासाठी फोटो काढण्याची गरजच पडत नाही. प्रत्येक ॲपमध्ये पावतीखाली `Compartilhar` म्हणजे ‘सामायिक करा’ अशा अर्थाचे बटण असते आणि ते दाबल्यावर पावतीची प्रतिमा किंवा पीडीएफ संदेशातून जाते. मग दुसरा फोन घेऊन पहिल्याच्या पडद्याचा फोटो का काढावा? काही जण सवयीने किंवा अज्ञानाने तसे करतात हे मान्य, परंतु बनवणाऱ्याला त्यातून मोठा फायदा होतो. मूळ चित्रात आकडा बदलला, तर त्या जागी अक्षरांच्या कडा, पार्श्वभूमीची छटा किंवा दाबलेल्या प्रतिमेतील दाणे थोडे वेगळे पडतात आणि ते मोठे करून पाहिल्यास दिसतात. पडद्याचा पुन्हा फोटो काढला की संपूर्ण दृश्य एकाच लेन्समधून नव्याने टिपले जाते आणि या खुणा पुसल्या जातात. पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर पडून जे लहरींसारखे पट्टे उमटतात, ते खऱ्या आणि बनावट दोन्ही पावत्यांच्या फोटोत सारखेच असतात, म्हणून पट्टे दिसतात की नाही यावर विसंबू नका.

फोटोत तपासण्यासारखी गोष्ट म्हणजे पडद्याच्या सर्वांत वरचे फोनचे घड्याळ. ते पावतीवरील वेळेनंतरचे असायला हवे. पावती १६:४२ ची आणि वर घड्याळात १५:५८ असेल, तर खुलासा मागा. घड्याळ आणि बॅटरीची पट्टी एकाखाली एक दोनदा दिसत असेल, तर ते चालू ॲप नसून साठवलेले चित्र उघडून दाखवले आहे. बरे, चालू ॲपचे चलचित्र पाठवा असे सांगितले तर? मी तो आग्रह धरत नाही. बँकेच्या ॲपसारखेच दिसणारे खोटे ॲप चालवून दाखवता येते, आणि चलचित्र पाहिल्यावर माणूस अधिकच निश्चिंत होतो.

तुम्ही आज एवढेच करा. खरेदीदाराला सौम्यपणे कळवा की `Compartilhar` बटणाने पाठवलेली पीडीएफ हवी आहे. तिच्यातील क्रमांक नक्कल करून घेता येतो आणि वाचण्यातील चूक टळते. बहुतेक प्रामाणिक माणसे अर्ध्या मिनिटात ती पाठवतात. उत्तरादाखल जर तो म्हणाला की पैसे बँकेने ७२ तासांसाठी अडवून ठेवले आहेत, तर त्यात अर्धे सत्य आहे: संशय आल्यास घेणाऱ्याची बँक खरोखरच व्यक्तीच्या खात्यावर आलेली रक्कम ७२ तासांपर्यंत रोखून तपासू शकते. पण ती रोखण्याची सूचना पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या मैत्रिणीला, तिच्या ॲपमध्ये मिळते. त्यामुळे त्या दाव्याचा निवाडाही तिच्याच फोनवर होतो. आणि रक्कम रोखलेली असेल तोपर्यंत ती तुमची झालेली नाही.

सकाळी मैत्रीण पोहोचली की तिने आलेल्या संदेशांतील कोणताही दुवा न उघडता, स्वतः ॲप उघडून `Extrato` म्हणजे उताऱ्यात जावे आणि `Pix recebido` ही नोंद शोधावी. नोंदीवर दाबल्यावर तपशील उघडतो. त्यात रक्कम १,८५० रिआल आहे का ते वाचावे आणि `E` ने सुरू होणारा क्रमांक फोटोतील क्रमांकाशी शेवटच्या ११ अक्षरांसह ताडून पाहावा, कारण व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना तो एकच असतो. दोन्ही जुळले तर कॅमेरा खुशाल द्या. नोंदच नसेल तर खरेदीदाराला तो क्रमांक घेऊन आपल्या बँकेकडे चौकशी करायला सांगा. पैसे खरोखर निघाले असतील, तर त्या क्रमांकावरून बँकेला ते नेमके कुठे गेले हे शोधता येते.